श्रावणी सोमवार: नैवेद्य दाखवताना आणि उपास सोडताना नक्की काय म्हणायचं?

केतकी_बंगळूर
लग्नानंतरचा पहिला श्रावण आहे आणि इकडे बंगळूरला आम्ही दोघंच. शिवामुठीचा क्रम सासूबाईंनी फोनवर सांगितला: पहिल्या सोमवारी तांदूळ, मग तीळ, मग मूग, चौथ्याला जव. सकाळच्या पूजेचंही जमेल असं वाटतं. माझं अडतं ते संध्याकाळी. दिवसभर उपास करून रात्री जेवायचं, त्याआधी नैवेद्य दाखवायचा, एवढं माहीत आहे. पण दाखवताना काय म्हणायचं, पाणी किती वेळा फिरवायचं, आणि मग उपास सोडताना स्वतः काय म्हणायचं? सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "म्हणायचं ते म्हण आणि जेव." आता काय सांगू!
शिवाय शंकरासमोरचा नैवेद्य आपण खायचा नसतो असंही एक जण म्हणाली. मग मी उपास सोडू कशावर?

नाना_साताऱ्याचे
उपास सोडण्याचा मंत्र आहे. आमचे वडील म्हणायचे, मला अजून पाठ आहे:
अज्ञानतिमिरान्धस्य व्रतेनानेन केशव ।
प्रसीद सुमुखो नाथ ज्ञानदृष्टिप्रदो भव ॥
हे म्हणून तुळशीपत्र तोंडात घालायचं की उपास सुटला. नैवेद्यावरही तुळशीचं पान ठेवा, त्याशिवाय देव ग्रहण करत नाही.

वालपापडी
केतकी, आयडी बदला आधी, शंकराला केतकी चालत नाही. :) गंमत हो.
मंत्रांचं मोठी माणसं सांगतील, मी स्वयंपाकाचं सांगते. आमच्याकडे पेणला श्रावणी सोमवारी संध्याकाळी वालाचं बिरडं ठरलेलं. ते करणार असाल तर तयारी सोमवारी नाही, शनिवारी रात्री सुरू करायची. दोघांना वाटीभर वाल पुष्कळ झाले. शनिवारी रात्री भिजत घाला, रविवारी सकाळी पाणी टाकून फडक्यात बांधा, दिवसातून एकदा फडक्यावर पाणी शिंपडा. सोमवारी सकाळपर्यंत मोड येतात. मग कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून एकेक सोलायचा. वरच्या टोकाला दाबलं की डाळिंबी सुळकन बाहेर येते. नाही आली तर पाणी गार झालंय, बदला. भिजवलेलं पाणी मात्र आमटीत घालू नका, कडवटपणा त्यातच उतरतो. लसूण नाही, कांदा नाही. हिंग-मोहरी-जिऱ्याची फोडणी, हळद, तिखट, नारळ, आमसूल आणि गुळाचा खडा. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवा आणि ढवळू नका, डाळिंब्या मोडतात.
आणि नैवेद्य दाखवेपर्यंत चव घ्यायची नाही. मीठ अंदाजाने. पहिल्या वर्षी हमखास कमी पडतं, जेवताना वरून घ्यायचं.

पळीपंचपात्र
मी वाईचा, पौरोहित्य करतो. केतकीताईंचा प्रश्न चांगला आहे, कारण आपण "उपास" या एकाच नावाखाली दोन वेगळी व्रतं घालतो आणि मग मंत्रांची सरमिसळ होते.

नानांचा श्लोक बरोबर आहे, पण तो एकादशीचा. त्यात हाक केशवाला आहे बघा. एकादशीला त्या दिवशी जेवतच नाहीत, दुसऱ्या दिवशी द्वादशीला पारणं करतात, आणि हा पारण्याचा श्लोक. श्रावणी सोमवार तसा नाही. ते नक्तव्रत आहे. दिवसा जेवायचं नाही आणि रात्री एकदा जेवायचं. म्हणजे रात्रीचं जेवण हा व्रताचाच भाग झाला, व्रत संपल्यावरचं जेवण नव्हे. म्हणून सोमवारला पारण्याचा वेगळा मंत्र नाही. जे काही म्हणायचं ते जेवणाच्या आधी, देवापुढे.

आता क्रम. सूर्यास्तानंतर दिवा लावा. हातपाय धुऊन किंवा आंघोळ करून देवासमोर बसा. महादेवाला बेल वाहा: "त्रिदलं त्रिगुणाकारं त्रिनेत्रं च त्रियायुधम् । त्रिजन्मपापसंहारं एकबिल्वं शिवार्पणम् ॥" पान पालथं, म्हणजे गुळगुळीत बाजू पिंडीला टेकेल असं ठेवायचं. देठाच्या टोकाची जाड गाठ आधी मोडून टाकायची.

मग देवापुढे जमिनीवर पाण्याने चौकोन काढा आणि त्यावर ताट ठेवा. नैवेद्याच्या पानात मीठ वेगळं वाढत नाहीत. वरणभातावर तूप असावं, एक गोड पदार्थ असावा. नैवेद्यावर तुळशीऐवजी बेलाचं पान घ्या, महादेवाला तेच. पळीभर पाणी ताटाभोवती एकदा फिरवा. डावा हात छातीशी, उजव्या हाताने अन्नाकडून देवाच्या मुखाकडे घास दिल्यासारखं करत म्हणा: प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा, व्यानाय स्वाहा, उदानाय स्वाहा, समानाय स्वाहा, ब्रह्मणे स्वाहा. मग "नैवेद्यमध्ये पानीयं समर्पयामि" म्हणून ताम्हनात एक पळी पाणी सोडा. जेवता जेवता देवाला पाणी विचारलं, असा त्याचा अर्थ. पुन्हा तेच सहा घास. शेवटी तीन पळ्या पाणी: उत्तरापोशनं समर्पयामि, हस्तप्रक्षालनं समर्पयामि, मुखप्रक्षालनं समर्पयामि. गंध लावलेलं फूल वाहा, "करोद्वर्तनार्थे चंदनं समर्पयामि". त्यावर विडा.

आरती झाली की हातात पाणी घेऊन म्हणा, "अनेन सोमवारव्रतेन श्रीसांबसदाशिवः प्रीयतां, न मम." आणि ते पाणी ताम्हनात सोडा. उपास सोडण्याचे शब्द म्हणायचेच तर हेच. दिवसभराचा उपास देवाच्या हवाली केलात, आता जेवायला बसा.

केतकी_बंगळूर
इतकं नीट कोणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. दोन शंका. देवापुढून उठून मी पानावर बसले की पहिल्या घासाआधी काही म्हणायचं का? नवरा चित्राहुती वगैरे घालतो, मी काय करू? दुसरं म्हणजे बेल. इथे बाजारात सोमवारी सकाळी मिळतो, पण अर्धी पानं भोकं पडलेली असतात.

घाटावरचा_अभय
प्रश्न जरा वेगळा आहे पण सोमवारचाच आहे. माझे सोळा सोमवार चालू आहेत, पीजीमध्ये राहतो. दर सोमवारी चूर्मा करायचा की शेवटी एकदाच? कणीक, तूप, गूळ खोलीवर आणून करणं म्हणजे दिव्य. आणि त्याचे तीन भाग करायचे म्हणतात, गाय कुठून आणू?

पळीपंचपात्र
अभय, कहाणीत चूर्मा सतराव्या सोमवारी, उद्यापनाला सांगितलाय. पाच शेर कणकेचा, म्हणजे साडेचार किलोच्या वर. एक भाग देवाला, एक देवळात ब्राह्मणांना किंवा गाईला, उरलेला घरी सगळ्यांनी मिळून. एकट्याने पीजीत करण्याचं ते कामच नव्हे, गावी जाऊन घरच्यांबरोबर करा. दर सोमवारी थोडासा चूर्मा करणारी घरं आहेत, तो त्यांचा कुळाचार.

केतकीताई, पानावर बसल्यावर: तुमचे यजमान ताटाभोवती पाणी फिरवताना दिवसा "सत्यं त्वर्तेन परिषिञ्चामि" म्हणत असतील, तर रात्री ते उलटं होतं, "ऋतं त्वा सत्येन परिषिञ्चामि". सोमवारचं जेवण रात्रीचं असल्यामुळे हे दुसरं. पुष्कळ लोक सवयीने दिवसाचंच म्हणून टाकतात. मग चित्राहुती, आणि "अमृतोपस्तरणमसि" म्हणून पळीभर पाणी प्यायचं. हे सगळं मुंजीनंतर शिकवलं जातं, बायकांच्याकडे ही पद्धत सहसा नसते. तुम्ही हात जोडून "अन्नं ब्रह्मा रसो विष्णुर्भोक्ता देवो महेश्वरः" म्हणा. जेवणारा महेश्वरच आहे, असं त्यात म्हटलंय. महादेवाच्या दिवशी याहून शोभणारं दुसरं काही मला सुचत नाही.

त्यानंतर मात्र बोलायचं नाही. शिवामुठीच्या कहाणीत स्पष्ट सांगितलंय, संध्याकाळी देवाला बेल वाहावा आणि मुक्यानं जेवण करावं. लोक पोथ्या उघडून सोमवार सोडण्याचा मंत्र शोधत बसतात, आणि व्रतात लिहिलेला नियम गप्प बसण्याचा आहे.

बेल सोमवारी तोडायचा नाही असा नियम आहे. रविवारीच आणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. बेल शिळा होत नाही. वाहिलेलं पानसुद्धा धुऊन पुन्हा वाहता येतं. तीन दलं अखंड असावीत, भोकाची पानं बाजूला काढा.

वालपापडी
मुकं जेवण आमच्याकडे अजून पाळतात. ताटात आधीच सगळं वाढून घ्यावं लागतं, नाहीतर मध्येच हाताने "तूप, तूप" अशा खुणा चालतात. पोरं मुद्दाम हसवतात आणि मग आजी डोळे वटारते. तिलाही बोलता येत नाही ना.

नाना_साताऱ्याचे
पळीपंचपात्र, श्लोकाचं मान्य. पण आमच्याकडे सोमवार दुपारी बारा-साडेबाराला सोडायचे, महादेवाच्या देवळातून आलं की. वडीलही तसंच करायचे. ते चूक होतं का?

पळीपंचपात्र
चूक का म्हणू? दुपारी एकदाच जेवून रात्री काही न खाणं हे एकभुक्त. ते वेगळं व्रत आहे आणि बाकी वारांना बरीच घरं तेच करतात. श्रावणी सोमवारला मात्र कहाणीत संध्याकाळ सांगितली आहे. तुमच्या घरी एकभुक्त चालत आलं असेल तर तेच चालू ठेवा. फक्त दुपारी जेवून रात्री पुन्हा साबुदाण्याची खिचडी हाणायची, हे दोन्हींत बसत नाही.

हांबुर्गची_सुमेधा
आमची अडचण उलटी आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला इथे सूर्य नऊनंतर मावळतो. दिवा लावून, नैवेद्य दाखवून जेवायला दहा वाजतात. मी करीन कसंबसं, पण बाबा सध्या आमच्याकडे आलेत, त्यांना मधुमेह आहे आणि संध्याकाळची गोळी जेवणाबरोबर असते. ते म्हणतात, तीस-चाळीस वर्षांचा सोमवार आहे, सूर्य असताना जेवणार नाही. काल दुपारी त्यांना घाम फुटला आणि हात थरथरायला लागले. साखर मोजली तर खाली गेलेली. त्यांनी ग्लुकोजसुद्धा घ्यायला नकार दिला, म्हणे उपास मोडेल. शेवटी भांडून पाजलं.

पळीपंचपात्र
सुमेधाताई, वडिलांना हा श्लोक वाचून दाखवा:
अष्टौ तान्यव्रतघ्नानि आपो मूलं फलं पयः ।
हविर्ब्राह्मणकाम्या च गुरोर्वचनमौषधम् ॥
पाणी, कंदमुळं, फळ, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध, या आठांनी व्रत मोडत नाही. महाभारतातला श्लोक आहे. साखर उतरली असताना ग्लुकोज हे औषधच. शिवामुठीची कहाणीसुद्धा म्हणते की उपास निभवला नाही तर दूध प्यावं.
वेळेबद्दल: नक्ताला सगळ्यांना रात्रच लागते असं नाही. संन्यासी आणि विधवा यांना सूर्य असतानाच, दिवसाच्या शेवटच्या भागात नक्त सांगितलंय. म्हणजे दिवसाचं नक्त शास्त्रात आहेच. आजाऱ्याने त्याचा आधार घेतला तर मी तरी हरकत घेणार नाही. हे माझं मत म्हणून सांगतोय, एखादे शास्त्रीबुवा वाद घालतील.

डॉ_वऱ्हाडी
मी वैद्यकीय बाजू सांगतो, धार्मिक नाही. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं, यातलं काहीही दिसलं तर पंधराएक ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे पाण्यात विरघळवून लगेच द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने उपाशीपोटी साखर धोक्याइतकी उतरते, काहींनी फारशी उतरत नाही. कुठली गोळी आहे ते डॉक्टरांना दाखवून सोमवारचा डोस आधी ठरवून घ्या. आपल्या मनाने गोळी चुकवणं हाही उपाय नाही. आणि दुपारचा फराळ म्हणून साबुदाणा भरपूर खाल्ला तर साखर आधी भसकन चढते. त्यापेक्षा दूध, शेंगदाणे, थोडी भगर बरी.

हांबुर्गची_सुमेधा
श्लोक वाचून दाखवला. "औषधम्" शब्दावर बोट ठेवून दोनदा वाचला त्यांनी. संध्याकाळी सात वाजता जेवायला तयार झालेत, पण एका अटीवर. दिवेलागणीला बेल पुन्हा वाहणार. बेल इथे नाहीच, भारतातून आणलेली वाळकी पानं डब्यात आहेत, तीच धुऊन वापरतोय.

केतकी_बंगळूर
माझा मूळ प्रश्न राहिला: नैवेद्य खायचा की नाही?

शिवपिंड_कोल्हापूर
नाही. शंकराचं निर्माल्य आणि नैवेद्य दोन्ही घ्यायचं नसतं, तो चंड नावाच्या शिवगणाचा भाग. आमच्याकडे देवळात जे वाहिलं ते गुरवाचं. घरी परत आणत नाहीत.

पळीपंचपात्र
पिंडीवर जे वाहिलं, म्हणजे फळ, दूध, धान्य, ते घेत नाहीत, हे बरोबर. पण नर्मदेतला बाणलिंग असेल किंवा लिंग स्वयंभू असेल तर तोही निषेध नाही. देवापुढे ताटात ठेवून दाखवलेला नैवेद्य हा प्रसाद आहे, तो खाल्ला जातो. नाहीतर सोमवारी महाराष्ट्रभर वरणभात गार होत पडला असता. केतकीताई, तुम्ही ताट पुढे ठेवा, पिंडीवर अन्नाचा कण ठेवू नका, आणि त्याच ताटावर जेवा.

शिवपिंड_कोल्हापूर
मला हे पटत नाही. देवापुढचं ते देवाचं. आमच्याकडे नैवेद्याचं पान गाईला जातं आणि आम्ही स्वयंपाकघरातलं वेगळं वाढून घेतो. तुम्ही तुमच्या पद्धतीने करा.

वालपापडी
शिवामुठीला काय म्हणायचं ते कोणी लिहिलंच नाही! मूठ पिंडीवर सोडताना: "शिवा शिवा महादेवा, माझी शिवामूठ ईश्वरा देवा, सासूसासऱ्या, दिराभावा, नणंदाजावा, भ्रतारा, नावडतीची आवडती कर रे देवा." पाच वर्षं करायचं. मला स्वतःला ती शेवटची ओळ म्हणताना हसू येतं, सून नावडती असल्याचं गृहीतच धरलंय.

केतकी_बंगळूर
मी ती म्हणणार आहे, सासूबाईंना फोनवर ऐकवून. :)
चौथ्या सोमवारसाठी दुकानात जव मागितले तर दुकानदाराने जवस काढून दिले. तेच ना?

डॉ_वऱ्हाडी
नाही! जवस म्हणजे अळशी, तेलबी आहे, चपटी तपकिरी. जव गव्हासारखे असतात, टोकदार, सालीसकट. आमच्या ओळखीत दरवर्षी कोणीतरी महादेवावर जवस वाहतंच.

नाना_साताऱ्याचे
आणि पाचव्या सोमवारी सातू. 2024 ला पाच सोमवार आले होते, 5 ऑगस्टला सोमवारीच श्रावण लागला आणि पाचवा सोमवार 2 सप्टेंबरला अमावास्येला आला. तेव्हा आमच्या सूनबाई विचारत होत्या, सातू म्हणजे जवच की, मग चौथ्या आणि पाचव्याला वेगळं काय वाहायचं?

वालपापडी
आम्ही पाचव्याला सातूचं पीठ वाहिलं. भाजलेल्या गहू-डाळ्याचं मिळतं ते.

पळीपंचपात्र
पीठ वाहू नका, शिवामूठ अख्ख्या धान्याची. बाकी जव आणि सातू याबद्दल माझ्याकडेही पक्कं उत्तर नाही. काही ठिकाणी चौथ्याला सालीसकट जव आणि पाचव्याला साल काढलेले वाहतात, काही ठिकाणी दोन्ही वेळा तेच. मी यजमानांना घरची पद्धत विचारतो आणि तशी करवून घेतो.

केतकी_बंगळूर
आणि फ्लॅटमध्ये पिंडीवर वाहिलेले मूठभर तांदूळ नंतर कुठे टाकायचे? इथे जवळ महादेवाचं देऊळ आहे, पण पुजारी कानडी, त्यांना शिवामूठ समजावता येईल असं वाटत नाही.

शिवपिंड_कोल्हापूर
शिजवून खाऊ मात्र नका.

डॉ_वऱ्हाडी
आम्ही चारही सोमवारचं धान्य एका डब्यात साठवतो आणि श्रावण संपला की गच्चीवर पाखरांना टाकतो. तिळावर चिमण्या तुटून पडतात, मूग कबुतरं संपवतात.

पळीपंचपात्र
पाखरांना घाला. किंवा पुजाऱ्यांना समजावायची गरजच नाही, "धान्य" म्हणून पुढे करा, कुठल्याही देवळात घेतील. फक्त ओले तांदूळ डब्यात भरू नका, अभिषेकानंतर वाहिले असतील तर सावलीत वाळवून मग भरा. नाहीतर दुसऱ्या सोमवारपर्यंत बुरशी धरते.